पंचवीस ऑगस्टला थांबलेलं घड्याळ

अनंत चतुर्दशीनंतरचा सोमवार, ८ सप्टेंबर २०२५. सकाळी दहा वाजून गेले होते. पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या माझ्या भाच्याचा फोन आला. आवाजात घाई होती.

"मामा, कॉलेजच्या सर्व्हरचं सर्टिफिकेट बिघडलंय. कोड खाली येत नाहीये. दुपारी सबमिशन आहे."

"बाकीच्या मुलांचं काय?"

"त्यांचं चालतंय. म्हणूनच कळत नाहीये."

मी त्याला पडद्याचा फोटो पाठवायला सांगितला. सर्व्हरचा पत्ता तेवढा बदलून तो मजकूर इथे देतो.

```
$ git fetch
fatal: unable to access 'https://git.example.org/lab/project.git/':
SSL certificate problem: certificate is not yet valid
```

गिट हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचं रोजचं साधन. चौघं मिळून एकच प्रकल्प लिहीत असतील, तर प्रत्येकाचं काम एका सर्व्हरवर जमा होतं. इतरांनी काय नवीन लिहिलं ते आपल्या लॅपटॉपवर आणण्याच्या हुकमाला `git fetch` म्हणतात. तो हुकूम इथे दारातच अडला होता. शेवटच्या ओळीचा अर्थ असा, की सर्व्हरनं दाखवलेल्या सर्टिफिकेटची मुदत अजून सुरूच झालेली नाही.

मुदत संपलेलं सर्टिफिकेट आपण समजू शकतो. कुणीतरी नूतनीकरण करायला विसरलं, एवढाच त्याचा अर्थ. पण सुरूच न झालेलं सर्टिफिकेट सर्व्हरवर कोण लावील? ही सर्टिफिकेटं देणाऱ्या संस्था उद्याची किंवा परवाची तारीख टाकून ती हातात ठेवत नाहीत. त्यामुळे हा संदेश दिसला, की सर्व्हरकडे बोट दाखवण्याआधी मी एकच गोष्ट विचारतो. ती त्यालाही विचारली. "तुझ्या लॅपटॉपवर आज तारीख काय आहे?"

तो म्हणाला, "सोमवार दाखवतोय, मामा. वेळ पण बरोबरच दिसतेय, थोडी मागे असेल."

त्याच्या पडद्यावरच्या पट्टीत फक्त वार आणि वेळ दिसत होती, तारीख नव्हती. `date` हा हुकूम द्यायला लावल्यावर पडद्यावर आलं २५ ऑगस्ट. तोही सोमवारच. लॅपटॉप बरोबर दोन आठवडे मागे होता, आणि वार तोच असल्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

घडलं होतं ते साधं. २५ तारखेला सकाळी साडेनऊच्या सुमारास त्यानं लॅपटॉपचं झाकण मिटलं, तो खोलीतल्या कपाटात ठेवला आणि गणपतीसाठी कोकणातल्या घरी गेला. लॅपटॉप बंद केला नव्हता, नुसता झोपवला होता. झोपलेल्या लॅपटॉपची मेमरी जागीच असते आणि तिला सतत थोडी वीज लागते. ती बॅटरीतून जात राहिली, काही दिवसांत बॅटरी पूर्ण रिकामी झाली आणि आतलं सगळंच विझलं. परत आल्यावर त्यानं चार्जर लावला, बटण दाबलं आणि कामाला बसला.

आता हे सर्टिफिकेट म्हणजे काय ते पाहू. ब्राउझर काय किंवा गिट काय, एखाद्या सर्व्हरशी सुरक्षित बोलणं सुरू करताना आधी त्याची ओळख मागतात. सर्व्हर एक लहानशी फाइल पुढे करतो. त्या फाइलवर सर्व्हरचं नाव असतं, त्याच्या कुलपाची उघड किल्ली असते, ओळख पटवून देणाऱ्या संस्थेची सही असते आणि दोन तारखा असतात. पहिलीच्या आधी हे सर्टिफिकेट चालणार नाही आणि दुसरीच्या नंतरही चालणार नाही.

बँकेच्या चेकवरून हे चटकन समजतं. चेकवर पुढची तारीख असेल, तर बँक तो आज वटवत नाही. चेकवरच्या तारखेनंतर तीन महिने उलटून गेले, तर तो शिळा झाला म्हणून परत करते. आता खिडकीवर बसलेल्या कारकुनाच्या मागचं कॅलेंडर दोन आठवडे मागे राहिलंय असं समजा. गेल्या आठवड्यात लिहिलेला अगदी खरा चेक तो पुढच्या तारखेचा म्हणून परत करील. चेकमध्ये खोट नाही, खात्यात पैसे आहेत, सही जुळते आहे. चूक भिंतीवर आहे, पण परतीच्या चिठ्ठीवर कॅलेंडरचा उल्लेखही नसतो. माझ्या भाच्याचं गिट या कारकुनासारखं वागत होतं.

एकदम तर्कावर थांबू नये म्हणून आम्ही सर्व्हरच्या सर्टिफिकेटवरच्या तारखा प्रत्यक्ष वाचल्या. त्यासाठी लॅपटॉपवरच हा हुकूम देता येतो. तो सर्टिफिकेट स्वीकारत नाही, नुसतं उघडून वाचतो. त्यामुळे घड्याळ चुकलेलं असलं तरी चालतो.

```
openssl s_client -connect git.example.org:443 \
  -servername git.example.org </dev/null 2>/dev/null \
  | openssl x509 -noout -dates
```

उत्तर आलं:

```
notBefore=Sep  1 21:40:17 2025 GMT
notAfter=Nov 30 21:40:16 2025 GMT
```

या तारखा नेहमी ग्रिनिचच्या वेळेत असतात. आपल्या वेळेत आणायच्या तर साडेपाच तास मिळवायचे. म्हणजे सर्टिफिकेटची मुदत सुरू झाली २ सप्टेंबरला पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी. घरात गौरी होत्या, भाचा गावाला होता आणि कॉलेजच्या सर्व्हरनं रात्री आपलं आपण नवीन सर्टिफिकेट आणून लावलं होतं. ते अगदी व्यवस्थित होतं. लॅपटॉपच्या लेखी मात्र २ सप्टेंबर उजाडायला अजून आठवडाभर अवकाश होता.

मुदत बरोबर नव्वद दिवसांची आहे हेही लक्षात घ्या. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था फुकट सर्टिफिकेटं देते आणि २०२५ मध्ये तिची नेहमीची सर्टिफिकेटं नव्वद दिवस चालत होती. ही संस्था आणखी एक काळजी घेते. सर्टिफिकेट ज्या क्षणी तयार होतं, त्याच्या एक तास आधीची वेळ ती सुरुवातीच्या जागी लिहिते. जगभरातली घड्याळं थोडीफार मागेपुढे असतात हे धरून ठेवलेली ही सवलत आहे. त्यामुळे दहा-पंधरा मिनिटं मागे असलेला लॅपटॉप कधीच अडत नाही. दोन आठवड्यांना मात्र ती सवलत पुरत नाही.

"पण मग बाकीच्या साइट का उघडतायत?" भाच्यानं विचारलं. प्रश्न रास्त होता. सकाळपासून त्याच्या काही साइट उघडत होत्या, काही अडत होत्या, आणि म्हणूनच त्याला आधी नेटवर, मग सर्व्हरवर संशय आला होता.

याचं उत्तर हिशोबात आहे. नव्वद दिवसांची सर्टिफिकेटं शेवटच्या दिवसापर्यंत ताणत नाहीत. बहुतेक ठिकाणी ती साठाव्या दिवसाच्या आसपास बदलली जातात. म्हणजे कुठल्याही दिवशी पाहिलं, तर एखाद्या साइटवरचं सर्टिफिकेट शून्य ते साठ दिवस वयाचं असतं. लॅपटॉप चौदा दिवस मागे असेल, तर ज्यांचं सर्टिफिकेट चौदा दिवसांपेक्षा कोवळं आहे त्याच साइट अडणार. साठात चौदा, म्हणजे साधारण चारातली एक. उरलेल्या तीन बिनतक्रार उघडतात आणि घड्याळ शाबूत असल्याचा भास कायम ठेवतात. वर्षभराचं सर्टिफिकेट वापरणाऱ्या साइट तर क्वचितच अडतील.

हा हिशोब आता बदलत चालला आहे. सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्या यांच्या सामाईक मंचानं एप्रिल २०२५ मध्ये मुदती टप्प्याटप्प्यानं कमी करायचं ठरवलं. २०२० पासून कमाल मुदत ३९८ दिवसांची होती. १५ मार्च २०२६ पासून ती २०० दिवसांवर, त्याच्या पुढच्या वर्षी १०० वर आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर येते. मुदत जितकी आखूड, तितकी कुठल्याही दिवशी दिसणारी सर्टिफिकेटं नवीन असणार आणि मागे पडलेलं घड्याळ तितकं जास्त ठिकाणी ठेचकाळणार.

बॅटरी गेली म्हणून घड्याळ का चुकलं, आणि चुकलं ते नेमकं २५ ऑगस्टवर का येऊन उभं राहिलं? मला या सगळ्यात ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते, कारण लॅपटॉपमध्ये एक नाही, दोन घड्याळं असतात हे पुष्कळांना माहीत नसतं.

पहिलं घड्याळ मदरबोर्डवर असतं. लॅपटॉप बंद असतानाही ते चालू राहतं. त्यात क्वार्ट्झचा एक बारीक स्फटिक असतो आणि तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा मुद्दाम निवडलेला आहे. त्याला पंधरा वेळा निम्मं केलं, की बरोबर एक उरतो. म्हणजे निम्मं करणाऱ्या पंधरा साध्या पायऱ्या जोडल्या, की सेकंदाला एक ठोका मिळतो. मनगटावरच्या क्वार्ट्झ घड्याळातही हेच चालतं. त्याला वीज नगण्य लागते, पण लागते. डेस्कटॉपमध्ये ती रुपयाच्या नाण्यासारख्या दिसणाऱ्या सीआर २०३२ या तीन व्होल्टच्या बटण सेलमधून येते. जुन्या लॅपटॉपमध्येही असा सेल असे, बहुधा प्लास्टिकच्या वेष्टणात आणि दोन वायरींना जोडलेला. अलीकडच्या कित्येक लॅपटॉपमध्ये तो काढूनच टाकला आहे. तिथे हे घड्याळ मुख्य बॅटरीतलाच एक घोट पिऊन जगतं. मुख्य बॅटरी पूर्ण रिकामी झाली, की तेही थांबतं आणि पुन्हा वीज आल्यावर कारखान्यात ठरवून दिलेल्या तारखेपासून मोजायला लागतं. ती तारीख बहुधा एखाद्या जुन्या वर्षाची १ जानेवारी असते.

दुसरं घड्याळ ऑपरेटिंग सिस्टिमचं. लॅपटॉप सुरू होताना ते पहिल्या घड्याळाकडे एकदा पाहून वेळ लावून घेतं आणि पुढे स्वतः मोजतं. पडद्यावर दिसतं ते हे दुसरं घड्याळ. सर्टिफिकेटच्या तारखाही याच घड्याळाशी ताडून पाहिल्या जातात.

भाच्याच्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. तिथे `timedatectl` हा हुकूम दोन्ही घड्याळं एकाखाली एक दाखवतो. त्याच्याकडे असं दिसलं:

```
               Local time: Mon 2025-08-25 09:48:12 IST
           Universal time: Mon 2025-08-25 04:18:12 UTC
                 RTC time: Sat 2022-01-01 00:16:40
                Time zone: Asia/Kolkata (IST, +0530)
System clock synchronized: no
              NTP service: active
```

तिसरी ओळ मदरबोर्डवरच्या घड्याळाची. ते १ जानेवारी २०२२ पासून नुकतंच सोळा मिनिटं चाललं आहे, म्हणजे वीज पूर्ण गेल्याचा पुरावा समोर आहे. पण पडद्यावर २०२२ नव्हतं, २५ ऑगस्ट होती. कारण लिनक्सची वेळ सांभाळणारी सेवा चालू असताना अधूनमधून एका फाइलवर वेळेची नोंद करून ठेवते. सुरू होताना मदरबोर्डचं घड्याळ त्या नोंदीच्याही मागचं काही सांगू लागलं, तर ते खोटं आहे हे उघडच असतं, कारण काळ मागे जात नाही. मग ती सेवा निदान शेवटच्या नोंदीपर्यंत तरी घड्याळ पुढे आणते. शेवटची नोंद झाकण मिटण्याच्या सुमाराची होती, २५ ऑगस्टच्या सकाळची. गाढ झोपेतून उठलेल्या माणसाला अजून तोच दिवस वाटावा, तसं झालं.

सोय चांगल्या हेतूनं केलेली आहे आणि मला ती योग्यही वाटते. पण तिच्यामुळे चूक ओळखणं अवघड होतं. पडद्यावर २०२२ दिसलं असतं, तर भाच्यानं फोनच केला नसता. विंडोजच्या लॅपटॉपवर बॅटरी मेल्यानंतर बहुधा असंच काही वर्षं मागचं साल समोर येतं. क्रोम ब्राउझर तर `Your clock is behind` असं सरळ सांगतो आणि खाली `NET::ERR_CERT_DATE_INVALID` लिहितो. गिट मात्र घड्याळाचं नाव काढत नाही, सर्टिफिकेटचंच काढतं.

इथे भाच्यानं मला एक गोष्ट विचारली आणि मी थोडा घाबरलोच. वर्गातल्या कुणीतरी त्याला झटपट उपाय सांगितला होता. गिटला सर्टिफिकेट तपासूच नको म्हणून सांगायचं. तो हुकूम असा आहे:

```
git config --global http.sslVerify false
```

यानं `fetch` लगेच चालतो, हे खरं आहे. पण ही सूचना त्या एका वेळेपुरती राहत नाही. ती फाइलमध्ये लिहिली जाते आणि त्यानंतर तो लॅपटॉप कुठल्याही सर्व्हरशी गिटनं बोलताना ओळख विचारतच नाही. सबमिशन होऊन जातं, वर्ष संपतं, नोकरी लागते आणि ती ओळ तशीच असते. कुणी ती आधीच दिली असेल, तर मागे घ्यायचा हुकूम आहे `git config --global --unset http.sslVerify`.

भीतीचं दुसरं कारण याहून खोल आहे. सुरूच न झालेल्या सर्टिफिकेटची तक्रार ही मागे पडलेल्या घड्याळाची दिसणारी बाजू आहे. न दिसणारी बाजू अशी, की तेच घड्याळ मुदत संपलेल्या सर्टिफिकेटांना बिनबोभाट आत घेतं. चेकच्या कारकुनाकडे परत या. कॅलेंडर मागे असल्यामुळे तो ताजे चेक परत करतो, पण शिळे झालेले चेक मात्र वटवतो, आणि याची तक्रार कुणीच करत नाही. सर्टिफिकेटला मुदत असण्याचं एक कारण हे, की त्यामागची गुप्त किल्ली कधी चोरीला गेली, तर चोराला ती कायमची वापरता येऊ नये. मुदत संपली, की ती किल्ली निरुपयोगी होते. ज्याचं घड्याळ २०२२ मध्ये आहे, त्याच्यासाठी मात्र २०२२ मध्ये चालू असलेलं कुठलंही सर्टिफिकेट आजही चालू आहे. चोराला अशी जुनी किल्ली आणि मधलं नेटवर्क दोन्ही हाताशी लागावं लागतं, त्यामुळे हे रोज घडत नाही. पण त्या लॅपटॉपवर काही साइट नीट उघडत आहेत, म्हणून तिथून बँकेचं काम उरकून घेऊ, असं कुणी करू नये. आधी घड्याळ लावावं.

घड्याळ आपोआप का लागलं नाही, हा पुढचा प्रश्न. नेटवरून वेळ घेण्याची पद्धत फार जुनी आहे. डेव्हिड मिल्स यांनी तिचा आराखडा १९८५ मध्ये प्रसिद्ध केला. लॅपटॉप वेळेच्या सर्व्हरला एक छोटा निरोप पाठवतो, तिकडून वेळ येते आणि जाण्यायेण्यात किती वेळ गेला याचा अंदाज बांधून घड्याळ लावलं जातं. भारताची प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा अणुघड्याळांवर राखते आणि तीही `time.nplindia.org` या पत्त्यावर अशी वेळ देते. या पद्धतीत साधारणपणे सर्टिफिकेट लागत नाही, आणि इथे तेच उपयोगी पडतं. वेळ विचारायलाच सर्टिफिकेट लागलं असतं, तर ते तपासायला वेळ बरोबर लागली असती आणि चुकलेला लॅपटॉप त्या चक्रातून बाहेरच पडला नसता.

हे निरोप १२३ क्रमांकाच्या पोर्टवरून जातात. कॉलेजं, कचेऱ्या, हॉटेलं अशा ठिकाणी नेटवर्क सांभाळणारे बाहेर जाणारे बरेच पोर्ट बंद ठेवतात आणि त्यात हाही जातो. वरच्या यादीतल्या शेवटच्या दोन ओळी पुन्हा पाहा. वेळ घेणारी सेवा चालू आहे, पण घड्याळ जुळलेलं नाही. ती निरोप पाठवत होती आणि उत्तर येत नव्हतं. भाचा कॉलेजच्या वायफायवर होता.

मी त्याला म्हटलं, वायफाय सोड आणि फोनचा हॉटस्पॉट चालू कर. त्यानं केलं. काही सेकंदांत `timedatectl` पुन्हा दिला, तर ८ सप्टेंबर आली होती आणि खाली `System clock synchronized: yes` असं उमटलं होतं. `git fetch` दिला, मित्रांचं दोन आठवड्यांचं काम खाली आलं.

हॉटस्पॉट हाताशी नसेल, तर फोनमध्ये पाहून वेळ हातानं लावता येते. लिनक्सवर आधी आपोआप वेळ घेणं थांबवावं लागतं, नाहीतर तो हुकूम नाकारला जातो.

```
sudo timedatectl set-ntp false
sudo timedatectl set-time "2025-09-08 10:31:00"
sudo timedatectl set-ntp true
```

विंडोजवर सेटिंगमध्ये जाऊन तारीख आणि वेळ आधी हातानं साधारण बरोबर करावी आणि मग वेळ जुळवण्याचं बटण दाबावं. फरक फार मोठा असेल, तर विंडोजची सेवा तो आपणहून भरून काढायला नकार देऊ शकते. हातानं जवळ आणल्यावर ती उरलेली सेकंदं नीट लावते.

हातानं लावताना आपल्याकडे साडेपाच तासांचा एक घोळ हमखास होतो. लिनक्स मदरबोर्डवरच्या घड्याळात ग्रिनिचची वेळ ठेवतं, विंडोज तिथे स्थानिक वेळ ठेवतं. एकाच लॅपटॉपवर दोन्ही असतील, तर लिनक्सनं लिहून ठेवलेली वेळ विंडोज भारतीय समजून वाचतं आणि साडेपाच तास मागे पडतं. अशा लॅपटॉपवर हा दोष विचित्र वागतो. सकाळी एखाद्या सर्व्हरचं सर्टिफिकेट बदललं, तर दुपारपर्यंत तो अडतो आणि संध्याकाळी कुणी काही न करता उघडतो, कारण तोवर मागे पडलेलं घड्याळही मुदतीच्या सुरुवातीला पार करून गेलेलं असतं. दुखणं आपोआप बरं झालं असं वाटतं आणि पुढच्या नूतनीकरणाला ते परत येतं. म्हणून हातानं वेळ लावताना नुसते काटे पाहू नयेत, विभाग `Asia/Kolkata` आहे का तेही पाहावं.

सबमिशनच्या आधी एक काम राहिलं होतं. घड्याळ चुकलेलं असताना भाच्यानं सकाळी एक बदल करून गिटमध्ये नोंदवला होता आणि त्या नोंदीवर २५ ऑगस्टची तारीख बसली होती. शिक्षकांना ती दोन आठवड्यांपूर्वीची वाटली असती. ती अजून सर्व्हरवर गेली नव्हती, त्यामुळे एका हुकमानं दुरुस्त झाली.

```
git commit --amend --no-edit --date=now
```

आधीच वर पाठवलेली नोंद मात्र अशी बदलू नये. इतरांनी ती उतरवून घेतलेली असते आणि त्यांच्याकडचा इतिहास जुळेनासा होतो.

आता मदरबोर्डवरच्या घड्याळाचं काय? नेटवरून वेळ जुळली, की लिनक्स साधारण दर अकरा मिनिटांनी ती त्या घड्याळातही लिहितं. थांबायचं नसेल, तर `sudo hwclock --systohc` दिलं की लगेच लिहिली जाते. पण लिहिलेली वेळ टिकते का, हे पाहावंच लागतं. सेल संपत आला असेल, तर पुढच्या वेळी पुन्हा १ जानेवारी २०२२. मी भाच्याला त्या रात्री एक साधी चाचणी करायला सांगितली. बॅटरी पूर्ण चार्ज करायची, लॅपटॉप झोपवायचा नाही, पूर्ण बंद करायचा, चार्जर काढायचा आणि रात्रभर तसाच ठेवायचा. सकाळी सुरू करताना ऑपरेटिंग सिस्टिमपर्यंत जाऊच द्यायचं नाही. आधी बायोसच्या पडद्यावर तारीख आणि वेळ वाचायची, कारण तिथे दिसतं ते मदरबोर्डवरचं घड्याळ, वर कुणाचीही मलमपट्टी न झालेलं. भरलेली बॅटरी जोडलेली असूनही तिथे जुनं साल दिसलं, तर घड्याळाकडे वीज पोचत नाही, म्हणजे सेल बदलायला किंवा बोर्ड दाखवायला हवा. वेळ बरोबर दिसली, तर घड्याळ धडधाकट आहे आणि दोष फक्त रिकाम्या बॅटरीचा होता.

मंगळवारी सकाळी त्याचा निरोप आला. बायोसमधली वेळ फोनशी जवळजवळ सेकंदासकट जुळत होती. फक्त ती ग्रिनिचची होती, साडेपाच तास मागे, आणि लिनक्सच्या लॅपटॉपवर ती तशीच असायला हवी. लॅपटॉपच्या दुरुस्ती पुस्तिकेतही त्यानं शोधलं. त्या मॉडेलमध्ये बटण सेल नाहीच. दिवाळीला घरी जाताना तो लॅपटॉप झोपवणार नाही, अर्ध्याहून थोडी जास्त बॅटरी ठेवून पूर्ण बंद करणार आहे. पडद्यावरच्या पट्टीत वाराशेजारी तारीखही दिसेल असं त्यानं कालच करून घेतलं.